तोंडावर आक्का, पुस्तकात ती

या लेखात मी प्राध्यापकाला ‘तो’ म्हणणार आहे. त्याचं वय तेव्हा माझ्या वडिलांएवढं होतं आणि समोर मी त्याला कायम ‘सर’च म्हटलं. पण ‘ते’ आणि ‘तो’, ‘त्या’ आणि ‘ती’ ही वाटणी त्याने कशी केली, हे मी जवळून बघितलंय. माझ्या कागदावर त्याच्या वाट्याला एवढंच.

ऐंशीच्या आगेमागची गोष्ट. मी चंद्रपूरकडची. सातवीत शाळा सुटली, पुढे घरही सुटलं. देवळाली कॅम्पात नोकरीला असलेल्या मामांच्या आधाराने नाशिकला आले आणि वर्षभरात मामांचीच बदली झाली. तेव्हा मला आक्कांनी ठेवून घेतलं. त्या सायखेड्याच्या, बौद्ध कुटुंबातल्या, नवरा रेल्वेत होता तो वारलेला. आपल्या घराच्या दोन खोल्यांत त्यांनी हरसूलकडच्या आदिवासी मुलींसाठी वसतिगृह काढलं होतं. पुढे ते एका शिक्षणसंस्थेने चालवायला घेतलं. माझं अक्षर बघून त्याच संस्थेच्या कचेरीत आक्कांनी मला लेखनिकाचं काम मिळवून दिलं. तिथे कोणी नुसतं मोठ्याने खाकरलं तरी मला वाटायचं, संपलं, आता घाला कपडे पिशवीत. ते काम टिकलं म्हणून मी टिकले. आजही गरम भाकरी ताटात पडली की पहिली आठवण आक्कांचीच येते.

संस्थेच्या अध्यक्षांची एकसष्टी आली आणि त्यांचं चरित्र छापायचं ठरलं. लिहायला हा प्राध्यापक. त्याचं अक्षर म्हणजे कोंबडीने उकरलेला उकिरडा. ते मलाच लागायचं, म्हणून सुवाच्य प्रत करायची मी आणि दर रविवारी सकाळी गंगापूर रोडवरच्या अध्यक्षांच्या बंगल्यात समितीसमोर वाचायचंही मीच. समिती म्हणजे चार गृहस्थ आणि एक चिवड्याची परात. परात रिकामी झाली की प्रकरण मंजूर.

अध्यक्षांना पुस्तकात ‘साहेब’ म्हणायचं आणि आदरार्थी अनेकवचन पाळण्यापासून लावायचं, हा प्राध्यापकाचा नियम. ‘साहेब जन्मले.’ ‘साहेब पाचव्या महिन्यात पालथे पडले.’ ‘साहेब भूक लागली की टाहो फोडीत.’ मी वाचायची आणि समिती गंभीर चेहऱ्याने माना डोलवायची, जणू टाहो फोडणं हेही समाजकार्यच. मॅट्रिकला नापास झाले त्या वर्षी ‘साहेबांनी परीक्षेचा मोह टाळला’. वडील ‘ते’, मातोश्री ‘त्या’. पत्नी लग्नाआधी ‘ती’ आणि मंगलाष्टका संपल्या की ‘त्या’. ‘ती बोहल्यावर चढली आणि सौभाग्यवती होऊन उतरल्या’ असं एक वाक्यच होतं. घरचा गडी मात्र सत्तर वर्षांचा झाला, म्हातारा होऊन मेला, तरी ‘तो’. ‘त्यांनी हाक मारली, त्याने पाणी आणले.’ इथे क्रियापद हाकेच्या नि पाण्याच्या मागे जातं, मालक-गडी बघत नाही. ती कसर प्राध्यापकाने ‘त्यांनी’ आणि ‘त्याने’वर भरून काढलेली.

वसतिगृहाच्या प्रकरणाला माहिती तपासायला म्हणून आक्कांना बोलावलं. त्या आल्या तसे अध्यक्ष स्वतः उठले. “या आक्का, बसा. गुडघे काय म्हणतात?”

“गुडघे म्हनत्यात बस म्हनून,” आक्का म्हणाल्या. “तू बस, तुझी एकसष्टी हाय.”

त्या वयाने मोठ्या. अख्ख्या संस्थेत त्यांना ‘अगं’ म्हणायची कोणाची छाती नव्हती. प्राध्यापकही तोंडावर ‘आक्का, चहा घेता का’ असंच विचारी.

मी वाचायला लागले. “‘साहेब दारात उभे होते. तेवढ्यात आक्का आल्या. त्या म्हणाल्या...’”

“थांब,” प्राध्यापक म्हणाला. “काय लिहिलंय?”

कागदावर ‘आक्का आली. ती म्हणाली’ होतं. आदल्या दिवशी मीच ते उतरवलं होतं, हाताने निमूट उतरवलं होतं. पण आक्का समोर बसलेल्या, आणि जिभेला सवय दुसरीच. ती आपोआप वळली.

“‘आली’ लिहिलंय, सर.”

“मग ‘आली’ वाच. शहाणपणा नको.”

मी वाचलं.

“कोन आली?” आक्कांनी विचारलं.

“तुम्हीच, आक्का.”

“अन् साहेब?”

“साहेब उभे होते.”

“हां. तो उभे होते अन् मी आली.”

प्राध्यापक हसला. दोघांना अनेकवचन दिलं तर कोण बोललं ते वाचकाला कळत नाही, म्हणाला. ‘ते म्हणाले’ आणि ‘त्या म्हणाल्या’ यांत न कळण्यासारखं काय आहे, हे पहिलीच्या पोराला विचारावं. ते त्याच्याही लक्षात आलं असावं, कारण लगेच त्याने आवाजात तूप ओतलं. “आणि आक्का, आपण आईला ‘ती’च म्हणतो ना? हा जिव्हाळा आहे.”

आक्का माझ्याकडे वळल्या. “साहेबाच्या आईला काय लिवलंय गं?”

प्राध्यापक माझ्याकडेच बघत होता. “‘मातोश्री वारल्या’,” मी म्हणाले.

“अगाई! बिचारी मेली तरी तिला जिव्हाळा नाय मिळाला!”

समितीतल्या एकाला चिवड्याचा ठसका लागला. अध्यक्ष चष्मा पुसत राहिले. त्यांनी एक शब्द टाकला असता तर विषय मिटला असता. ते फक्त म्हणाले, “सर, बघा काहीतरी.” आयुष्यभर त्यांनी जे केलं ते या तीन शब्दांत आलं, पुस्तकाची खरं तर गरज नव्हती.

“मला ‘त्या’ करा, नायतर काढून टाका,” आक्का म्हणाल्या. आता त्या हसत नव्हत्या. “मला काय, माझे दिवस सरले. वसतिगृहात येनार हे पुस्तक, पोरी वाचतील. त्यांच्या आयांना बाजारात, दवाखान्यात समदे अगं-तुगं करत्यात. आपल्यातल्या एका बाईला ‘त्या’ म्हनत्यात, हे त्यांनी माझ्यापाशी बघितलं. ते तुम्ही छापून खोटं पाडू नका.”

पुढच्या रविवारी प्राध्यापकाने नवीन पानं आणली. चेहऱ्यावर जावयाची ऐट. ‘वसतिगृहाची कल्पना पुढे आली. जागा उपलब्ध झाली. मुलींना आणण्यात आले. स्वयंपाक केला जाई.’ आक्का ‘ती’ नव्हत्या आणि ‘त्या’ही नव्हत्या. त्या नव्हत्याच. “आता कोणाची तक्रार नको,” तो म्हणाला. एका बाईला एक काना-मात्रेचा मान द्यायचा नाही म्हणून माणसाने अख्खं प्रकरण कर्त्यावाचून लिहावं! एवढी मेहनत त्याने शिकवण्यावर घेतली असती तर त्याचे विद्यार्थी पास झाले असते. समितीने परात संपवली आणि प्रकरण मंजूर झालं.

मला कामावरून काढून टाका, असं त्याने कचेरीत सांगितलं होतं. महिनाभर मला धड झोप नव्हती. पण त्याचं अक्षर दुसऱ्या कोणाला लागेना, म्हणून राहिले.

पुस्तक आलं. वसतिगृहाला दोन प्रती मिळाल्या. दुपारी मुली तांदूळ निवडायला बसल्या होत्या. आक्का म्हणाल्या, “वाच त्यांना, आपलं पान.”

मला वाचवेना. पण त्यांनीच सांगितलेलं.

“‘जागा उपलब्ध झाली.’”

“कोनाची?” एका मुलीने विचारलं.

“ही काय, आक्कांची,” दुसरी म्हणाली, जमिनीवर हात आपटून.

“‘मुलींना आणण्यात आले.’”

“कोनी आनलं?”

“आक्कांनी!” आता चौघीपाचजणी.

“‘स्वयंपाक केला जाई.’”

“आक्कांनी!” सगळ्या ओरडल्या. मग त्यांना तो खेळच सापडला. मी वाक्य संपवायच्या आत आरोळी यायची. ‘आजारी मुलींची काळजी घेतली गेली’, आक्कांनी. ‘पालकांची समजूत घालण्यात आली’, आक्कांनी.

आक्कांनी सूप आपटलं. “गप बसा गं! सरांनी येवढ्या कष्टाने मला काढलं, तुम्ही परत घालताय व्हय?” आणि तोंडाला पदर लावून इतक्या हसल्या, की मला पुढचं वाक्य वाचता येईना.