पोस्टकार्डातले हजार रुपये

दाक्षायणीबाई,

तुम्हाला पत्र लिहायचं म्हणजे वेडेपणा. तुम्हाला जाऊन पस्तीस वर्षं झाली, आणि असतात तरी वाचायला तुमच्या भावाला, ईरप्पाण्णालाच बसवावं लागलं असतं. पण गेल्या महिन्यात अक्कलकोट रस्त्यानं जाताना ती गिरणीची चाळ पाडताना दिसली. विटांचे ढीग पडले होते. गाडी थांबवावी असं मनात आलं, पण थांबवली नाही. तुमची गोष्ट तुम्हाला सांगण्यात अर्थ नाही. बाकीच्यांना सांगते.

दाक्षायणी ही सोलापूरच्या दक्षिणेला, शहर संपून शेतं सुरू होतात तिथे राहणारी लिंगायत बाई. नवरा प्लेगात गेला तेव्हा ती सव्वीस वर्षांची होती. पदरी एक मुलगी आणि वाटणीला आलेली साडेतीन एकर जमीन. वाटणी तोंडी झाली होती, दिरानं काठीनं रेघ ओढून दिलेली. ती स्वतः औत धरायची, शेंगा फोडायची आणि मंगळवारी बाजारात शेंगाचटणी विकायची. गिऱ्हाइकानं दोनदा भाव विचारला की म्हणायची, "चव घे की आदी. जिभंला इचार, मला कशाला इचारतोस?"

मुलगी महानंदा सातव्या वर्षी तापानं गेली. त्यांच्यात जाळत नाहीत. ओढ्याकडच्या कोपऱ्यात खड्डा काढून तिला मांडी घालून बसवली, डाव्या तळहातावर तिचं गळ्यातलं इष्टलिंग ठेवलं, भस्म आणि बेलाची पानं घालून माती लोटली. मोठ्या माणसावर चौथरा बांधतात, लेकरावर काही बांधत नाहीत. दाक्षायणीला दगडाची गरजही नव्हती. रोज संध्याकाळी ती तिथे जाऊन बसायची आणि दिवसभर काय झालं ते सांगायची.

तेवढ्याच कोपऱ्यातली माती विटांना चांगली निघाली.

दिरानं आपला हिस्सा मल्लप्पा नावाच्या वीटभट्टीवाल्याला विकला तो चौतीस सालच्या दिवाळीनंतर. मल्लप्पा गोड बोलणारा, त्यांच्याच जातीतला. एका गिरणीच्या चाळीसाठी लाखाच्या वर विटा द्यायचा करार त्यानं केला होता. दाक्षायणीच्या ओसरीवर बसून त्यानं गूळपाणी घेतलं आणि म्हणाला, "अक्का, ओढ्याकडचा तेवढा पट्टा मला दे. तुला तिथं काय पिकतंय?"

इथेच चूक झाली, आणि ती रीत पाळणारी माणसंच करतात. व्यापारउदीम करणाऱ्या घरात दारी आलेल्या जातभाईला तोंडावर "नाही" म्हणत नाहीत. अशी किंमत सांगायची की त्यानं हसून उठावं. साठ-सत्तर रुपयांचा तो पट्टा. दाक्षायणी म्हणाली, "हजार रुपय दे, मग बगू." मल्लप्पा हसला आणि उठला. नकार दिला, घेतला, मिटलं. पण मल्लप्पा चतुर माणूस. आठवड्यानं त्याचं पत्र आलं, किंमत नक्की काय ते लिहून कळवा म्हणून. दाक्षायणीनं भावाला, ईरप्पाला, बसवून पोस्टकार्ड लिहवलं: पट्ट्याची किंमत हजार, कमी होणार नाही. खाली अंगठा.

"लिहून दिलं की," ती समाधानानं म्हणाली. "आता परत येनार न्हाय."

तो आला नाही, त्याची माणसं आली. कुदळी घेऊन. वाटणी तोंडीच होती; पट्टा आपल्याच खरेदीत येतो, असं मल्लप्पाचं म्हणणं.

आबासाहेब वकील सात रस्त्याजवळ राहायचे. दाक्षायणी त्यांच्या पडवीत तीन तास बसली आणि रडली नाही. आबासाहेबांनी दुसऱ्याच दिवशी सबजज्जांच्या कोर्टात दावा लावला. पट्टा वादीच्या मालकीचा ठरवावा आणि प्रतिवादीला खणायला कायमची मनाई करावी. सोबत वेगळा अर्ज आणि प्रतिज्ञालेख: निकाल लागेपर्यंत तूर्त मनाई द्यावी. नोटीस काढून त्याची वाट पाहत बसलो तर कोपरा खणून जाईल, म्हणून समोरच्याला ऐकण्याआधीच आज हुकूम करावा.

जज्जांनी केला. बेलीफ जाऊन मल्लप्पाला हुकूम देऊन आला आणि कुदळी थांबल्या.

"जिकलं की आमी," दाक्षायणी म्हणाली.

आबासाहेबांनी चष्मा काढला. "बाई, नीट ऐका. आज मिळाला तो फक्त अकरा दिवसांचा हुकूम. अकराव्या दिवशी तो येऊन आपलं म्हणणं मांडेल. मग निकालापर्यंत त्याला थांबवायचं की नाही, ते जज्जसाहेब ठरवतील. आणि कायमची मनाई सगळ्यात शेवटी, साक्षीपुरावे झाल्यावर. त्याला दोन वर्षंही लागतील."

"म्हंजे एकाच गोष्टीला तीनदा इचारायचं?"

"तीनदा. आणि दर वेळी प्रश्न वेगळा. शेवटी विचारतात, जमीन कुणाची. मधे तेवढं विचारत नाहीत. मधे तीनच गोष्टी बघतात. तुमच्या म्हणण्यात वरवर बघता दम आहे का. थांबवल्यानं त्याचं जास्त नुकसान, की न थांबवल्यानं तुमचं. आणि तुमचं जे जाईल ते मागाहून पैशानं भरून निघेल का."

"लेकरू पैशानं भरून निघतंय व्हय?"

"तेच मी सांगणार आहे," आबासाहेब म्हणाले.

ते अकरा दिवस दाक्षायणी त्या कोपऱ्यात भाकरी घेऊन जायची. अर्धी खणलेली चरी होती, तिच्या काठाला पाय सोडून बसायची. ईरप्पाला म्हणाली, "पोरगी घाबरली आसंल रं, एवड्या आवाजानं." ईरप्पा मूळचा अबोल. आपण लिहिलेल्या पोस्टकार्डाची तोवर त्याला आठवणही झाली नव्हती. आबासाहेबांना त्यानं ते सांगितलं नाही, कारण सांगण्यासारखं काही आहे असं त्याला वाटलंच नाही.

अकराव्या दिवशी मल्लप्पाच्या वकिलानं ते पोस्टकार्ड टेबलावर ठेवलं.

जज्ज दुष्ट नव्हते. मला आजही तसं म्हणवत नाही, म्हणावंसं कितीही वाटलं तरी. त्यांच्यापुढे साक्षीदार नव्हते, दोन्हीकडचे प्रतिज्ञालेख होते. दाक्षायणी आणि तिचा भाऊ म्हणत होते, तिथे मूल पुरलंय. मल्लप्पा शपथेवर म्हणत होता, काही पुरलेलं नाही. दगड नाही, चौथरा नाही, गावच्या दप्तरात नोंद नाही. पुरताना मंत्र म्हणणारा जंगम कर्नाटकात यात्रेला गेलेला, त्याचा कागद मिळाला नाही. जमिनीची मोजणी व्हायची होती. वादात दम आहे, असं जज्जांनी मानलं. पण भट्टीचा हंगाम चालू, चाळीस मजूर बसून, गिरणीचा करार मोडायच्या बेताला. आणि मग ते पोस्टकार्ड.

"बाई, हा अंगठा तुमचा?"

"व्हय."

"या पट्ट्याची किंमत हजार, असं तुम्ही कळवलं?"

"त्यो 'न्हाय' म्हनून हजार व्हता, साहेब."

कोर्टात दोघे-तिघे हसले. मल्लप्पा हसला नाही. त्याला ती काय म्हणते ते पुरतं कळलं होतं. त्या ओसरीवर हसून उठताना तेव्हाच कळलं होतं. तो फक्त खाली बघत राहिला.

आबासाहेब पाऊण तास भांडले. थडगं विकत घेता येत नाही, माती एकदा गेली की कुठल्या हुकुमानं परत येणार नाही, म्हणाले. जज्जांनी ऐकून घेतलं आणि लिहिलं: वादीनं स्वतःच नुकसानीची रक्कम ठरवलेली दिसते, पत्रात मुलीचा उल्लेख नाही, तेव्हा नुकसान पैशानं भरून निघणारं आहे. प्रतिवादीनं हजार रुपये कोर्टात ठेवावेत. तूर्त मनाईचा अर्ज नामंजूर, आधीचा हुकूम रद्द.

जिल्हा कोर्टात अपील होतं. आबासाहेबांनी ते तिसऱ्या दिवशी दाखल केलं आणि तोवर खणणं थांबवावं असाही अर्ज दिला. त्यावर नोटीस निघाली, बारा दिवसांची तारीख पडली. मल्लप्पानं सगळे मजूर आधी त्या कोपऱ्यावर लावले. नऊ दिवसांत तिथे पुरुषभर खड्डा झाला. बाराव्या दिवशी अपिलात थांबवण्यासारखं काही उरलं नव्हतं. आबासाहेबांनी ते काढून घेतलं.

दाक्षायणी त्या नऊ दिवसांत एकदाही तिकडे गेली नाही. भट्टी पेटली तेव्हा धूर तिच्या अंगणावरून गेला. तिनं वाळत घातलेल्या शेंगा आत घेतल्या.

दावा चालू राहिला. सदतीस सालच्या मार्चमध्ये साक्षी झाल्या. मोजणीदारानं पट्टा दाक्षायणीचा दाखवला. जंगमानं शपथेवर सगळं सांगितलं. आणि येडू नावाचा एक मजूर आपण होऊन आबासाहेबांकडे आला. खणताना त्याला एक छोटं काळं लिंग सापडलं होतं. भीतीनं दोन वर्षं त्यानं ते घरात तांदळाच्या मडक्यात ठेवलं होतं. मल्लप्पाला दाखवलं का, असं विचारल्यावर म्हणाला, "दाकवलं. त्यो म्हनला, वढ्यात टाक."

म्हणजे खणणं ज्या पुराव्यानं थांबलं असतं, तो पुरावा खणल्यामुळे मिळाला. आबासाहेब त्या रात्री जेवले नाहीत.

निकाल संपूर्ण तिच्या बाजूनं लागला. पट्टा वादीचा. प्रतिवादीनं, त्याच्या वारसांनी, नोकरांनी तिथे कधीही खणू नये, कायमची मनाई. खर्च प्रतिवादीवर, आणि कोर्टात पडलेले हजार रुपये वादीनं न्यावेत. आबासाहेबांनी हुकूम मराठीत समजावून सांगितला. दाक्षायणीनं विचारलं, "आता त्यानं कुटं खनायचं न्हाय?"

"त्या पट्ट्यात."

"तितं खड्डा हाय की, साहेब. पावसाचं पानी साटतंय." मग म्हणाली, "लई चांगला हुकूम हाय. सांबाळून ठिवा."

पैसे तिनं उचलले नाहीत. लिंग मात्र कोर्टातून सोडवून घेतलं. ते मातीत ठेवायचं होतं, पण कुठल्या मातीत? लेकराची माती चाळीच्या भिंतीत होती. ती चाळीवर गेली, उरलेल्या विटांच्या ढिगातली एक वीट मागितली. पहारेकऱ्यानं तिला चोर ठरवून हाकललं.

तेव्हा ती वकिलांच्या मुलीकडे आली. ती मुलगी म्हणजे मी. कॉलेजात जाणारी, इंग्रजी बोलणारी, पहारेकरी जिला सलाम करतील अशी.

"येक वीट, ताई. फोडून तिची माती करीन, लिंग त्यात ठिवीन. सोमवारी आनाल?"

सोमवारी आणते, म्हणाले. सोमवारी काहीतरी होतं, काय ते आता आठवत नाही. मग परीक्षा आल्या, मी पुण्याला गेले. त्या दिवाळीत आले तेव्हा तुम्ही विचारलं नाहीत, दाक्षायणीबाई. लिंग तुमच्या घरी भिंतीतल्या देवळीत तसंच होतं, उघड्यावर, शेजारी बेलाचं पान. मीही विषय काढला नाही.

तुम्हाला मातीत बसवलं तेव्हा ईरप्पाण्णानं तुमच्या हातात दोन लिंगं ठेवली, असं मला पत्रानं कळलं. वीट मी आणली नाही. गेल्या महिन्यात गाडीतून विटा दिसल्या तेव्हाही नाही.