राखून ठेवलेला आवाज

निवडणूक लागली की आमच्या बाररूममधले तरणे वकील माझ्याभोवती घोटाळायला लागतात. सकाळी कोर्ट, संध्याकाळी सभा अशी त्यांची धावपळ सुरू होते आणि आठ दिवसांत घशाचं पार भुस्काट होतं. मग विचारतात, "सर, काय घेऊ?" त्यांना गोळीचं नाव पाहिजे असतं. मी चिडतो. काय घेऊ हे विचारण्याआधी काय सोडू हे विचारा, म्हणतो. ते हसतात. म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय असं त्यांना वाटत असणार. मीही त्यांच्या वयात शहाण्यांना हसलोच होतो की.

माझं सभेतलं काम नेत्याचं नव्हतं. नेता येईपर्यंत सभा धरून ठेवायची, हे माझं काम. आमच्याकडं नेता वेळेवर येत नाही, आणि आला तर लोकांनाच चुकल्यासारखं होतं. चारची सभा असली की तो साडेपाचला येणार. तोवर लोक उठून जाऊ नयेत म्हणून माझ्यासारखा एक बोलका माणूस माईकपुढं उभा करायचा. कुणीतरी येऊन कानात सांगायचं, "साहेब फाट्यावर आल्यात, दहा मिनिटं वढा." ती दहा मिनिटं म्हणजे पाऊण तास, हे मला पाठ होतं. तरी मी ओढायचो. खरं सांगायचं तर मला ते आवडायचं. माझ्या एका वाक्यावर हजार माणसं हसायची, त्याची नशा वेगळीच असते.

एका निवडणुकीत प्रचाराच्या पहिल्या आठवड्यातच सकाळचा आवाज जड यायला लागला. मग वरच्या पट्टीतले शब्द फाटायला लागले. मग वाक्याचं शेपूटच गळून पडायचं. सेशन कोर्टात माझा एक युक्तिवाद चालू होता. न्यायाधीश दोनदा म्हणाले, "वकीलसाहेब, ऐकू येत नाही." मी खडीसाखर चघळली, ज्येष्ठमध चघळला, लवंग दाढेत धरली. दर सभेला कार्यकर्त्याच्या घरी तांबडा रस्सा आणि वर चहा. दर दोन मिनिटांनी खाकरायचो. अशिलांशी व्हरांड्यात कुजबुजत बोलायचो, आवाज वाचतो म्हणून. आणि आणखी एक गोष्ट वाचवली. तीच सांगायला बसलोय.

माझी आई गावी, नेसरीला धाकट्या भावाकडं होती, मी कोल्हापुरात. काचबिंदूनं तिची दृष्टी जाऊन बरीच वर्षं झाली होती. रोज सकाळी आठ वाजता मी तिला फोन करायचो. तीसेक मिनिटं. म्हशीनं लाथ मारली, सुनेनं भाकरी करपवली, शेजारीण मेली. मला सर्दी झालेली असली, उपाशी असलो, बायकोशी भांडलेलो असलो, तर माझ्या "आये" म्हणण्यातच तिला कळायचं. माझा चेहरा तिनं शेवटचा पाहिला तेव्हा माझे केस काळे होते. त्यानंतर मी तिच्यासाठी फक्त आवाज होतो.

तो फोन मी बंद केला. भावाला सांगितलं, "आयला सांग, घसा बसलाय. मतदान झालं की करतो." रोजची तीस मिनिटं घसा मोकळा राहील, असा माझा हिशेब. सभेत दोन-दोन तास ओरडणारा माणूस आईशी बोलणं वाचवत होता! या अकलेला काय म्हणावं? बायको म्हणाली होती, "अहो, दोन शब्द तरी बोला त्यांच्याशी." मी हातानंच गप्प बस म्हणालो. तेवढासुद्धा आवाज मी खर्च केला नाही.

प्रचार संपायला तीन दिवस उरले तेव्हा बायकोनं जवळजवळ ओढतच नाक-कान-घशाच्या डॉक्टरीणबाईंकडं नेलं. बाई स्पष्ट बोलणाऱ्या. त्यांनी घशात कॅमेरा घालून पडद्यावर दाखवलं. आवाजाच्या दोन पट्ट्या असतात, पांढऱ्याशुभ्र असायला पाहिजेत. माझ्या लालभडक, सुजलेल्या. त्यांनी दोन्ही तळहात एकमेकांवर आपटून दाखवले. "तुम्ही बोलता तेव्हा या अशा आपटतात. जितकं ओरडाल तितक्या जोरात. चार दिवस टाळ्या पिटल्या तर हाताचं काय होईल?"

मी म्हणालो, "पण मी तर कुजबुजत बोलतोय."

"तेच चुकतंय. कुजबुजताना गळा आवळला जातो. विश्रांती म्हणजे गप्प. पाणी प्या, साध्या पाण्याची वाफ घ्या, खाकरू नका, झोपायच्या आधी तिखट जेवू नका. आणि अंगदुखीसाठी जी गोळी घेताय ती बंद करा, तिनं रक्त पातळ होतं."

मी इंजेक्शनचं विचारलं. सभेवाल्या लोकांत ते सगळ्यांना माहीत असतं. टोचलं की सूज उतरते आणि संध्याकाळपर्यंत आवाज खणखणीत. बाईंनी चष्मा काढला. "सूज उतरेल, इजा तिथंच राहील. तुम्हाला वाटेल बरं झालं, आणि तुम्ही ओरडाल. एखादी रक्तवाहिनी फुटली की मग काय कराल?"

मी होय होय केलं. आणि शेवटच्या दिवशी एका कार्यकर्त्याच्या ओळखीच्या डॉक्टरकडं जाऊन ते टोचून घेतलं. का घेतलं? कुणी बंदूक रोखली नव्हती. पेठ वडगावची सांगतेची सभा होती आणि माझ्याऐवजी दुसरा कुणीतरी ती धरून ठेवेल, हे मला सहन होणार नव्हतं. एवढंच कारण.

दुपारी तीनला बाजारपटांगणात उभा राहिलो तर आवाज असा लागला की मीच खूश. समोर हलगी, फटाके, शिट्ट्या. कर्णे सगळे लोकांकडं तोंड करून. बोलणाऱ्याला स्वतःचा आवाजच ऐकू येत नाही, म्हणून तो हातात माईक असूनही बेंबीच्या देठापासून ओरडतो. मीही तेच केलं. साहेब फाट्यावर होते. सव्वा तास फाट्यावरच होते. एका तरण्या कार्यकर्त्यानं मोबाईलवर माझं चित्रीकरण चालवलं होतं. मी नेहमीच्या ठरलेल्या वाक्यावर आलो, "ज्या मातीनं, ज्या आईनं आपल्याला वाढवलं…" आणि 'वाढवलं'वर आवाज गेला. बसला नाही, फाटला नाही, गेला. दुखलंसुद्धा नाही. तोंड हलत होतं आणि बाहेर नुसती हवा.

लोकांना वाटलं, वकिलाचा कंठ दाटला. अख्ख्या पटांगणानं टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात साहेबांची गाडी आली आणि कुणीतरी माझ्या हातातला माईक काढून घेतला.

संध्याकाळी डॉक्टरीणबाईंनी पुन्हा कॅमेरा घातला. डाव्या पट्टीत रक्त साकळलं होतं. त्या रागावल्यासुद्धा नाहीत, याचीच मला भीती वाटली. "सात दिवस एक शब्द नाही. कुजबूज नाही, खाकरणं नाही. पाटी घ्या. मग पुन्हा बघू." मी पाटीवर पहिलं वाक्य लिहिलं, 'परत येईल ना?' त्या म्हणाल्या, "गप्प राहिलात तर."

तिसऱ्या दिवशी भावाचा फोन आला, बायकोनं घेतला. आईला चार दिवसांपासून ताप होता. मी गडबडीत आहे म्हणून त्यानं कळवलं नव्हतं. आता न्यूमोनिया आहे म्हणत होते. गडहिंग्लजच्या दवाखान्यातून तिनं हट्टानं स्वतःला घरी आणवून घेतलं होतं. आम्ही लगेच निघालो.

नेसरीला पोचलो तेव्हा दुपार होती. आई बाहेरच्या सोप्यात खाटेवर होती. एवढीशी झाली होती. भावजय तिच्या कानाशी वाकून म्हणाली, "आत्ती, भावजी आल्यात कोल्हापुरास्नं."

आईनं मान वळवली. "कुठं हाय? बोल की रं."

मी तिचा हात धरला. भाऊ म्हणाला, "आये, त्येचा घसा गेलाय. डॉक्टरनं बोलू नगो म्हटलंय. त्योच हाय ह्यो."

तिनं माझी बोटं चाचपली. तिच्या तोंडावर मी ओळखीची वाट बघत होतो. "न्हाय," ती म्हणाली. "त्यो आला की पयला आये म्हणतोय."

मी डॉक्टरीणबाईंचं सगळं बाजूला ठेवलं आणि म्हणालो, "आये." म्हणालो म्हणजे काय, तोंडातून वारा आला. पुन्हा म्हणालो. पुन्हा वारा. अख्ख्या जिल्ह्याला ऐकवलेला गळा माझा, दोन अक्षरांचा एक शब्द निघेना.

आईला तो वारा ऐकू आला असावा. ती सुनेला म्हणाली, "पावण्यास्नी पानी दे गं. लांबनं आल्यात, नरडं सुकलंय त्यांचं." भावजय रडतच आत गेली.

मी पाणी प्यालो. दुसरं काय करणार होतो?

तापात ती सारखी तेच विचारत होती. फोन का आला न्हाय? आठ वाजलं न्हाईत व्हय अजून? भावाला राहवेना. त्यानं मोबाईल काढला. पेठ वडगावच्या सभेचं ते चित्रीकरण त्याच्यापर्यंतही पोचलं होतं. त्यानं आवाज मोठा करून तो मोबाईल आईच्या उशाला ठेवला. आधी हलगी ऐकू आली, मग मी. खणखणीत, इंजेक्शनवरचा मी.

आईचा चेहरा उजळला. खरंच उजळला, मी पाहिलं. तिनं दुसऱ्या हातानं मोबाईल चाचपला, छातीशी धरला. आणि माझा हात दाबून मला म्हणाली, "ऐका पावणं, माजं पोरगं बोलतंय."

मी ऐकत राहिलो. तिच्या छातीवर मी एका नेत्यासाठी मतं मागत होतो, आणि ती प्रत्येक वाक्याला "व्हय बाळा, व्हय" म्हणत होती. ते वाक्य जवळ आलेलं मला कळत होतं. मोबाईल हिसकावून घ्यावासा वाटला, हात उचलला नाही. ज्या मातीनं, ज्या आईनं. मग टाळ्या, मग काहीच नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे ती गेली.

माझा आवाज परत आला. तीन महिने लागले, आवाजाचे व्यायाम शिकवणाऱ्या एका मुलीकडं जाऊन लहान पोरासारखं 'म' घोकत बसलो. आता थोडा घोगरा आहे, पण कोर्टात चालतो. सभेत मी जात नाही. पोरं फारच मागं लागली तर सांगतो, स्वतःला ऐकू येईल असा एक छोटा स्पीकर आपल्याकडं तोंड करून मागा, माईक ओठांजवळ धरा आणि घरात बोलता तसं बोला. दोन-तीन आठवड्यांत घसा सुटला नाही तर कॅमेऱ्यानं बघून घ्या. इंजेक्शन देणाऱ्याच्या दारात जाऊ नका. आणि घरी फोन करा, हे मात्र सांगायचं राहतं. घसा भरून येतो, आणि आता त्याला कुणी टाळ्या वाजवू नयेत असं वाटतं.

त्या दुपारी मोबाईल गप्प झाल्यावर आई थोडा वेळ कान देऊन थांबली होती. मग तिनं तो माझ्याकडं सरकवला, आणि हळू आवाजात, परक्या माणसाला विचारावं तसं विचारलं, "पावणं, पुढं का बोलत न्हाय त्यो?"