गोजराबाईच्या बोरमाळेचा भोंगा

गोजराबाईनं पोस्टमनला केरसुणीनं बडवला, ही बातमी मुळशीच्या वरच्या आळीतून खालच्या आळीत पोचेपर्यंत केरसुणीचं मुसळ झालं होतं आणि पोस्टमनच्या डोक्याला टाके पडले होते. टाके पडलेला पोस्टमन त्याच वेळी धोंडाबाईच्या ओट्यावर बसून चहा बशीत ओतून पीत होता, ही गोष्ट वेगळी. खरं एवढंच, की बाईच्या हातात केरसुणी होती, कारण ती अंगण झाडत होती. आणि पोस्टमननं तिच्यापुढं मोजून धरलेले ऐंशी रुपये तिनं घेतले नाहीत.

आता पोस्टमन पैसे देतोय आणि माणूस नको म्हणतंय, हे मुळशीनं पाहिलेलंच नव्हतं. लोकांनी केरसुणी घातली ती बिचारी गोष्ट पटावी म्हणून.

गोजराबाई तशी पैशाला वाईट म्हणणारी बाई नव्हे. नवरा गेल्यावर भाताची खाचरं तिनं एकटीनं सांभाळली. शेजारणीला वाटीभर साखर दिली तर वाटी कुणाची हे ती वाटीच्या पोचावरून सांगायची. पण यंदा लेकीच्या, अनुसयाच्या, लग्नापासून ती पार बदलून गेली होती. येस्टीचा आवाज आला की हातातलं काम टाकून दारात यायची, गाडीतून कोण उतरतंय ते बघायची आणि कुणी नाही दिसलं की उगाच कोंबड्यांवर खेकसायची.

सगळं त्या रिसेप्शननं केलं. जावई पुण्याला कारखान्यात, म्हणून दुपारी लग्न लागल्यावर संध्याकाळी दोन खुर्च्या मांडून रिसेप्शन पाहिजे, असा मुठ्याच्या पाहुण्यांचा हट्ट. गोजराबाईनं पौडच्या सोमनाथकडून ऐंशी रुपये भाड्यानं लाऊडस्पीकर आणला. दोन भोंगे, एक मशीन, एक माईक. माईकवर आहेर पुकारायला तिचा दीर कोंडिबा. कोंडिबाच्या हातात माईक म्हणजे कोल्ह्याला द्राक्षांचा मांडव सापडला. "धोंडाबाईकडून स्टीलची डबी, झाकणासकट!" असं तो डोंगराला ऐकू जाईल असं ओरडत होता. डबी झाली, तांब्या झाला, पाच-पाच रुपये झाले. मग व्याही, हैबतराव, सुनेसाठी सोन्याची बोरमाळ घेऊन पुढं आले. फेट्याचा तुरा सारखा केला. कोंडिबानं श्वास भरला. "मुठ्याचे हैबतरा–" आणि भोंग्यानं घुर्रर्र केलं नि मुका झाला.

सोमनाथच्या माणसानं मशीन उघडलं, तोवर तिकडं बुंदीची पंगत बसली. फ्यूज उडाला होता. जवळ दुसरा नव्हता, तर गड्यानं सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून बसवली. मशीन पुन्हा सुरू झालं, तसा आतून धूर आला. त्यानंतर ते बोललंच नाही.

डबीचा डंका वाजला आणि बोरमाळ गुपचूप गेली. हैबतरावांना वाटलं, हे ठरवून केलं. बैठकीत देण्याघेण्यावरून कोंडिबाशी त्यांची एकदा वाजली होती, ती त्यांना आठवली. मांडवपरतणीला मुलीला आणायला कोंडिबा मुठ्याला गेला, तर दारातूनच निरोप मिळाला. "आमचं नाव घ्यायला तुमचा भोंगा मुका झाला. आता आमी बी मुके. पोरगी येनार न्हाई." अनुसया आतून भिंतीआडून बघत होती, म्हणे. हे 'म्हणे' गोजराबाईच्या जिवाला लागलं.

तिनं कोंडिबाला पाटावर बसवलं.

"लिही सोमनाथला. पैसं परत मागायचं."

कोंडिबानं पेन झटकलं. "सप्रेम नमस्कार विनंती विशेष..."

"कसला सप्रेम? खोड ते."

"वैनी, पत्राला नमस्कार लागतोय."

"मग नुसता नमस्कार घाल. कोरडा. आन् म्होरं लिही, तुमचं मशीन तुमच्या चुकीनं बंद पडलं, हे मान्य करून पैसं परत द्या."

"मान्य कशाला? पैसं आलं म्हंजी झालं की."

"पैशानं अनुशी येनार हाय का?"

कोंडिबानं 'सप्रेम' खोडलं आणि 'मान्य करून' लिहिलं.

सोमनाथचं उलट कार्ड आलं. वीज गेल्यास मालक जबाबदार नाही, पावतीवर छापले आहे. गोजराबाईनं दुसरं पत्र लिहवलं. वीज गेली नव्हती. तुमचा भोंगा बंद असताना मांडवातले बल्ब जळत होते, आणि त्या उजेडातच तुमचा माणूस सिगारेटची चांदी शोधत होता. यावर पौडहून बरेच दिवस काहीच आलं नाही. बाई येस्टी बघत राहिली. आणि मग आली ती ऐंशी रुपयांची मनीऑर्डर.

पोस्टमननं अंगठ्याची शाई पुढं केली.

"खालच्या निरोपाच्या तुकड्यावर काय लिवलंय?" बाईनं विचारलं.

"कोराच हाय मावशी. मजकूर न्हाई."

"मग परत धाड."

"अवो, पैसं हायेत!"

"मजकूर न्हाई तर पैसं न्हाईत."

असा तो केरसुणीचा मामला.

पोस्टमन गेला, तशी बाईनं केरसुणी टाकली. ती ओट्यावर बसली. पैसे तर गेलेच, आता सोमनाथ चिडून काहीच लिहून देणार नाही, हैबतराव ऐकणार नाहीत, आणि पोर तिकडं बिनबापाच्या घराची लाज गिळत बसेल. धोंडाबाई सांत्वनाला आली नि म्हणाली, "ऐंशी रुपयांत लुगडं आलं असतं." त्या रात्री घरात चूल पेटली नाही.

नाकारलेली मनीऑर्डर पौडला पोचली, तसा सोमनाथ स्वतःच आला. घाम पुसत ओट्यावर टेकला.

"मावशी, पैसं परत करता? पोस्टात चारचौघं मला विचारत्यात, खोट्या नोटा धाडल्या का म्हनून."

"लिहून दे."

"लिहून दिलं आन् लग्नसराईत बोभाटा झाला, तर मला कोन बोलावंल?"

"गावभर नाचवनार न्हाई. एकाच घरात दाखवनार. तू बी चल संगं."

सोमनाथनं आढ्याकडं बघितलं. आतल्या खोलीच्या दारात लग्नातली दोन वाळकी आंब्याची डहाळी अजून लटकत होती. बाईनं ती काढली नव्हती. त्यानं हळूच विचारलं, "पोरगी आलीच न्हाई व्हय?"

बाईनं कोरा कागद त्याच्यापुढं सरकवला.

मग त्यानं लिहिलं. माझ्या माणसाने फ्यूजऐवजी चांदी बसवली, म्हणून मशीन जळाले, वधूकडील मंडळींचा यात दोष नाही. खाली सही. वर हुशारी म्हणून त्यानं ऐंशी रुपये पुढं ठेवून बाईकडूनही, पैसे मिळाले, आता तक्रार नाही, असा अंगठा घेतला. तो तिनं मुकाट दिला.

दोघं पिरंगुटला गाडी बदलून मुठ्याला गेले. हैबतरावांनी चिठ्ठी दोनदा वाचली, सोमनाथला उभ्यानं शिव्या घातल्या, मग बसवून चहा दिला. कपबशा घेऊन अनुसया बाहेर आली. आईला बघून ती ट्रे खाली ठेवायचंच विसरली. गोजराबाईनं ट्रे खालून धरला आणि म्हणाली, "बोचकं भर. शेवटची गाडी हाय." सासूबाई आत जाऊन स्वतः सुनेची लुगडी काढू लागल्या.

हैबतरावांची हार झाली होती, पण ती तशीच जाऊ देणारा माणूस तो नव्हे. मिशी पुसत ते म्हणाले, "विहीणबाई, सगळं खरं. पन भोंगा बंद पडला, तर तोंडानं माझं नाव वरडायला तुमच्या मानसांना काय झालं व्हतं?"

गोजराबाई लेकीचं बोचकं काखेत मारून उंबऱ्यात थांबली.

"वरडले व्हते की, याही. मीच दोनदा वरडले. तवा तुमी बुंदी वाढा म्हनून वरडत व्हता."