माउंटवर सोडलेला डेटाबेस

तुमच्या आईने तुम्हाला सांगितलं आहे की आजीच्या कपाटातल्या प्रत्येक किल्लीला चिठ्ठी असते आणि आजीचं काम कधी अर्धवट राहत नाही. किल्ल्यांचं खरं आहे. दुसरं खरं नाही. तुम्ही दोघं इतक्या लांब आहात की ते तुमच्या कानावर कधी आलंच नसतं, म्हणून मीच लिहिते.

बारामतीच्या एका रुग्णालयात मी संगणक विभाग सांभाळत होते. विभाग मोठा वाटतो, पण तो म्हणजे एक थंड खोली, तिच्यातला सर्व्हर, मी आणि एक कंत्राटी ऑपरेटर मुलगी. निवृत्तीला मला दीड वर्ष राहिलं होतं. ती मुलगी निमगाव केतकीची. तिच्या आजोबांच्या वेळेपर्यंत घरात मेंढरं होती, वडिलांपासून शेती आली, आणि ती इंदापूरला राहून संगणकाची पदवी घेऊन आली. रोज पहाटेच्या एसटीने यायची आणि आठच्या आधी खुर्चीत असायची. सात वर्षं तिला अकरा-अकरा महिन्यांची कंत्राटं मिळत होती. या वेळी तिला कायम करायचं की नाही हे एका सोमवारी दुपारी ठरणार होतं. तिच्या घरी त्या सोमवारची महिनाभर वाट पाहत होते.

ती हुशार होती. मी तिचं बोलणं मात्र सारखं दुरुस्त करायची. ‘हाय’ नाही, ‘आहे’ म्हण. ‘न्हाय’ नाही, ‘नाही’. मी पुण्याच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, आणि चांगलं शिकवते आहे असंच मला वाटायचं.

आता त्या सोमवारच्या आदल्या रविवारचं सांगते. रुग्णालयाची सगळी नोंदणी ज्या ओरॅकल डेटाबेसवर चालायची, त्याची दर रविवारी नक्कल, म्हणजे बॅकअप, घ्यायची असे. आमचा डेटाबेस ज्या पद्धतीने लावलेला होता त्यात तो चालू असताना नक्कल घेता येत नसे. आधी तो पूर्ण बंद करायचा. मग ‘स्टार्टअप माउंट’ अशी आज्ञा द्यायची, म्हणजे तो अर्धा उठतो. आपल्या कोणत्या फाइली कुठे आहेत एवढं त्याला कळतं, पण त्या फाइली तो उघडत नाही. त्या अवस्थेत नक्कल घ्यायची आणि शेवटी ‘ऑल्टर डेटाबेस ओपन’ म्हणून तो उघडायचा. तोवर तातडीच्या विभागातले लोक रुग्णांची नोंद कागदावर करत. मी फोन केला की पुन्हा संगणकावर यायचं, असं ठरलेलं होतं.

त्या रविवारी दुपारी पावणेचारला नक्कल पूर्ण झाल्याची ओळ पडद्यावर आली. बाहेर तुमचे आजोबा गाडीचा हॉर्न वाजवत होते, कारण इंदापूरला भाचीचं डोहाळजेवण होतं आणि आम्हाला उशीर झाला होता. मी ती ओळ पाहिली, खोलीला कुलूप लावलं, किल्ली पर्समध्ये टाकली आणि निघाले. उघडायची आज्ञा दिलीच नाही. तातडीच्या विभागाला फोनही केला नाही. ती माणसं बिचारी रात्रभर कागदावर लिहीत बसली, कारण मॅडमचा फोन आला नाही म्हणजे काम चालू असणार, असा त्यांचा माझ्यावर विश्वास.

रात्री आम्ही इंदापूरलाच राहिलो. सकाळी आठ वाजून गेल्यावर आमची गाडी इंदापूरहून नुकतीच निघाली होती तेव्हा तिचा फोन आला. केसपेपरच्या खिडकीवर कुणालाच लॉगिन करता येत नव्हतं. पडद्यावर ओआरए-०१०३३ आणि पुढे इंग्रजीत, की ओरॅकल सुरू होण्याचं किंवा बंद होण्याचं काम चालू आहे. सोमवार म्हणजे रांग दारापर्यंत.

मी म्हटलं, संदेशातच लिहिलंय ना, सुरू होतोय. थोडं थांबा.

ती म्हणाली, “मॅडम, काल नकलेनंतर तो माउंटवरच तर राहिला न्हाय?”

“नाही” म्हणायला मला एक क्षणही लागला नाही. वर मी तिला बजावलं की कशाला हात लावू नकोस, आणि जो संदेश वाचता येतो तो आधी नीट वाचत जा. ती “बरं” म्हणाली.

खरं तर तिच्या प्रश्नातच उत्तर होतं. सामान्य वापरकर्त्यांची नावं आणि पासवर्ड त्या न उघडलेल्या फाइलींमध्येच असतात. डेटाबेस नुसता माउंटवर असला की तो त्यांना ओळखू शकत नाही आणि दाराशीच हा संदेश देऊन परत पाठवतो. आत फक्त प्रशासकाला शिरता येतं. संदेश म्हणतो काम चालू आहे, पण कुणी उघडेपर्यंत तो तसाच महिनाभरही बसून राहील. हे मला पाठ होतं. मीच तिला शिकवलं होतं. पण प्रशासक म्हणून शिरायचं तर सर्व्हरच्या खोलीत जावं लागे, आणि तिची एकच किल्ली होती, ती माझ्या पर्समध्ये.

मी पावणेदहाला पोहोचले. लोक चिडून चिडून आता गप्प झाले होते. एक म्हातारे शेतकरी खिडकीतल्या कारकुनाला विचारत होते की यंत्राला दवाखान्यात घालायचं का आधी. अधीक्षक डॉक्टर स्वतः रांगेपाशी उभे होते. मी तिला घेऊन आत गेले, प्रशासक म्हणून शिरले आणि अवस्था विचारली. उत्तर आलं, माउंटेड.

मी तो शब्द पाहिला आणि माझ्या खांद्यामागून तिनेही पाहिला. 

कोणत्या फाइलीला दुरुस्ती लागते आहे का ते मी आधी पाहिलं. एकही नव्हती. रविवारी बंद केला तो नीटच बंद केला होता. मग उघडायची आज्ञा दिली. अर्ध्या मिनिटात ‘डेटाबेस बदलला’, म्हणजे आज्ञा पार पडली, असं उत्तर आलं. वाचता-लिहिता येण्याजोगा उघडला आहे ना, तेही तपासलं. तिने बाहेर जाऊन सांगितलं आणि पहिला केसपेपर छापल्याचा आवाज मला आतपर्यंत ऐकू आला. दोन तासांचा खोळंबा आणि तीन शब्दांचा उपाय.

अधीक्षक दाराशी आले. विचारलं, काय झालं होतं. मी म्हटलं, सर्व्हर पूर्ण सुरू झालेला नव्हता. त्यांनी विचारलं, सकाळी इथे कोण होतं?

मी म्हणाले, “ही आठ वाजता आली होती.”

वाक्य खरं होतं. तसं खोटं मी आयुष्यात दुसरं बोलले नाही. ती तिथेच, माझ्यापासून हातभर अंतरावर, पडद्याकडे बघत उभी होती. ते गेल्यावर मी बिघाडांच्या वहीत सुवाच्य अक्षरात तारीख, वेळ आणि ‘कारण : अज्ञात’ असं लिहिलं.

दुपारी तिला कायम करायचं की नाही हे ठरवायच्या विश्वस्तांच्या बैठकीत मला मत द्यायला बोलावलं. एक विश्वस्त म्हणाले, सकाळी ती एकटीच होती म्हणे, आणि दोन तास तिला काहीच करता आलं नाही. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. किल्ली माझ्याकडे होती, हे एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. पण मग लगेच पुढचा प्रश्न आला असता की रविवारी काय झालं. सदतीस वर्षांत माझ्या नावावर एकही चूक नव्हती. मी म्हणाले, तिला अजून थोडा अनुभव हवा.

तिला पुन्हा अकरा महिने मिळाले. ती दुसऱ्या दिवशी आठच्या आधी खुर्चीत होती.

आठ दिवस मी नीट जेवले नाही. तुमच्या आजोबांनाही सांगितलं नाही. मग एका सुट्टीच्या दिवशी एकटीच एसटीने निमगावला गेले. तिच्या आईने मला खुर्ची दिली, स्वतः खाली बसली आणि लेकीला म्हणाली, “ह्याच का गं तुझ्या मॅडम? लई शिकवत्यात म्हणतीस.” मी बोलायला सुरुवात केली तशी ती मुलगी उठली आणि मला अंगणापलीकडे डाळिंबाच्या कडेला घेऊन गेली.

मी सगळं सांगितलं. ऐकून ती म्हणाली, “मला त्याच दिवशी ठाव होतं. डेटाबेस सोताच लिहितो त्या रोजनिशीत वेळ असती. रविवारी सव्वादोनला माउंट. उघडल्याची ओळ थेट सोमवारी, तुमी आल्यावर.”

“मग बैठकीआधी बोलली का नाहीस?”

“मी बोलले असते तर मॅडम चुकल्या असं कुणी म्हटलं नसतं. पोरगी मॅडमवर ढकलती, असं म्हणाले असते.”

ती रागावलेली नव्हती. रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. मी माफी मागितली. ती म्हणाली, “हितं माझ्या आईपुढं न्हाय सांगायचं, मॅडम. तिला वाटतंय मीच काहीतरी बिघडवलं, आणि तिनं ते गिळलंय. जितं बोललात, तितं सांगा.”

आणि घरात जाऊन तिने मला परतीच्या गाडीची वेळ विचारली. त्या दिवशी तिची बोली दुरुस्त करायचं मला सुचलंही नाही.

पुढची बैठक महिन्याने होती. त्या महिनाभरात मी तीनदा ठरवलं की अधीक्षकांना एकट्याने गाठून सांगावं, आणि तीनदा मागे आले. शेवटी डेटाबेसच्या रोजनिशीतल्या त्या दोन ओळी छापून घेऊन बैठकीत उभी राहिले. रविवारी डेटाबेस मी माउंटवर सोडला, सोमवारी तिने फोनवर नेमकं कारण विचारलं, मी ते धुडकावलं, किल्ली माझ्याकडे होती, आणि अनुभवाबद्दल मी जे बोलले ते खोटं होतं. अध्यक्ष हसून म्हणाले, अहो मॅडम, एवढ्याशा गोष्टीचं काय घेऊन बसलात, सोडा. मलाही तेव्हा सोडावंसं वाटलं, हेही लिहून ठेवते. मी म्हटलं, इतिवृत्तात घ्या. त्यांनी घेतलं. पण दिलेलं कंत्राट मध्येच बदलता येत नाही, तिचा विचार पुढच्या वेळी करू, असं ठरलं.

खोलीबाहेर येऊन मी वहीतलं ‘अज्ञात’ खोडलं आणि त्यापुढे माझं पद लिहिलं. खोलीची दुसरी किल्ली करून तिला दिली. ती तिने सही करून घेतली, माझ्याच शिस्तीप्रमाणे.

ते अकरा महिने संपल्यावर ती कायम झाली. एक वर्ष तिचं माझ्यामुळे गेलं आणि ते परत देता येत नाही. आजही ती रस्त्यात भेटली की थांबते, तुमची चौकशी करते. पण इंग्रजीतला अर्ज असला की पूर्वी ती मला दाखवायला आणायची, तो त्या सोमवारनंतर तिने कधीच आणला नाही. मीही कधी विचारलं नाही.