न रडणाऱ्या लेकराची जागा

स्वराज्य आल्यावर काही वर्षांनी केशोरीच्या बाजूच्या आमच्या गावात बालवाडी निघाली, ती धानाच्या रोवणीच्या बायांसाठी. बाया दिवसभर चिखलात वाकलेल्या आणि लेकरं शेताच्या कडेला धुऱ्यावर. साप, पाणी, कुत्री, सगळं तिथंच. गावात सातवी शिकलेली सून मी एकटी, म्हणून बालवाडीची बाई मी झाले.

बेत चावडीत ठरला. दहा लेकरांमागं दोन बाया, मी आणि गावची सुईण. तिसरी बाई मिळाल्यावरच आणखी पाच लेकरं घ्यायची. विहिरीवर झाकण, दाराला उंच कडी, आणणाऱ्याशिवाय कुणाच्या हाती लेकरू द्यायचं नाही. फी मळणीनंतर पायलीभर धान. इथवर ठीक होतं. मग पाटलांनी आपलं एक घुसवलंच: जे लेकरू आठवड्यात रुळत नाही, नुसतं रडतं, ते काढून यादीतलं पुढचं घ्यायचं.

"पाटील, लेकरू रडणार नाही तर काय भजन म्हणेल?" मी म्हटलं. ते हसले. नियम राहिला.

एका मजूर बाईची दीड वर्षाची पोरगी पहिले तीन दिवस आकांत करून रडली. आई दारातून हलेना. "बाई, माई पोरगी काढून टाकाल काय?"

"नाही काढत. जा तू कामाले," मी सांगितलं. पण पाटलाच्या शब्दापुढं माझा शब्द तो किती!

चौथ्या दिवशी पोरगी खांद्यावर झोपूनच आली. "रातभर जागली," आई म्हणाली आणि घाईनं धानाच्या बांधीकडं गेली. दुपारी पेज द्यायला सगळ्यांना उठवलं, ही उठेना. ओठ निळे पडलेले. सुईणीनं पापणी उचलली. बुबुळातला काळा ठिपका टाचणीच्या टोकाएवढा झाला होता.

"अफू," ती म्हणाली.

धुऱ्यावर लेकरू निजावं म्हणून मोहरीएवढी गोळी द्यायची रीत घरोघर होती. त्या दिवशी आईनं दोन दिल्या, दिवसभर आवाज निघू नये म्हणून. तिला बांधीतून बोलावून आम्ही बैलगाडी जुंपली. दवाखाना दूर होता. पोरगी वाटेतच गेली.

आई गाडीत शेजारीच होती. रडली नाही. "रडली असती तं काढली असती ना तिले," एवढंच बोलली. आग लागो त्या नियमाला! विहीर झाकली, कडी लावली, आणि झोपलेल्या लेकराची भीती कुणालाच वाटली नाही.

दोन दिवसांनी दार उघडलं तर पुढच्या नंबरची बाई उभी. तिला काय झालं ते ठाऊक होतं. साऱ्या गावाला ठाऊक होतं. तिच्या खांद्यावरचं पोरगं गाढ झोपलेलं.

मी त्याच्या मांडीला करकचून चिमटा काढला. दुसरा काढला. मग ते किंचाळलं.

"रडू नको रे," आई घाबरून त्याचं तोंड दाबायला लागली. मी तिचा हात ओढून काढला.

"रडू दे," मी ओरडले. "रडलं तरच आत घेईन."