तिसऱ्या दिवसाची सुई

आमचा धंदा डुकरांचा. लोक नाक मुरडत, पण सणासुदीला वजन विचारायला तेच येत. लग्न होऊन मी उंद्रीला आले तेव्हा सासरी काळी डुकरं होती. ती दिवसभर नाल्यात, उकिरड्यावर लोळायची आणि पिल्लंही जन्मल्या दिवसापासून मातीत नाक खुपसायची. कधी कोणाला औषध दिल्याचं मला आठवत नाही.

मग सरकारच्या योजनेतून पांढरी डुकरीण आली. तिच्यासाठी सिमेंटचा कोबा घातलेलं घर बांधायचं, रोज धुवायचं आणि तिच्यात काळं जनावर मिसळू द्यायचं नाही, अशा अटी होत्या. त्यापायी काळी डुकरं काढून टाकली. आमच्या स्वतःच्या घराला शेणाची जमीन आणि डुकरिणीला सिमेंट. धुवायचं काम माझं. चौथीपर्यंत शिकलेली मी, "स्वच्छता" हा धडा मला पाठ होता. मी तो कोबा असा घासला की त्यावर भाकरी वाढावी.

पहिल्या वेताला आठ पिल्लं झाली. दिवसेंदिवस गोरी होत गेली. सासूबाई शेजारणींना बोलावून दाखवायच्या, "पाह्य वं, कशी दुधावानी आहेत. आपल्या पोरीबाळी बी एवढ्या गोऱ्या नाहीत." तिसऱ्या आठवड्यात त्यातलं सगळ्यात गुबगुबीत पिल्लू दूध पिऊन उठलं, चार पावलं चाललं आणि आडवं झालं. लोहाराचा भाता चालावा तशा त्याच्या बरगड्या उडत होत्या. संध्याकाळपर्यंत गेलं. मग एकेक करत पाच गेली. धष्टपुष्ट आधी, किरकोळ मागून. सासूबाईंनी नजर लागली म्हणून मिरच्या ओवाळल्या आणि नंतर माझ्याकडे बघून म्हणाल्या, "घरात पांढऱ्या पायाची आली की असंच होते." मी म्हटलं, "पांढऱ्या पायाची डुकरीण आहे, आत्याबाई. माझे पाय काळे आहेत." त्या दिवशी मला जेवायला कोणी विचारलं नाही.

चिखलीच्या गुरांच्या दवाखान्यातला डॉक्टर आला. त्याने उरलेल्यांतल्या एका पिल्लाचा कान उजेडासमोर धरला. कागदासारखा पांढरा. पापणी उलटली, तिथेही लाल काही नाही.

"गोरी नाहीत, बाई," तो म्हणाला. "अंगात रक्त नाही. आईच्या पोटातून येताना थोड्या दिवसांची लोखंडाची शिदोरी घेऊन येतात. पिल्लू वाढते झपाट्यानं, अन् आईच्या दुधात लोखंड नाहीच म्हटलं तरी चालेल. काळी पिल्लं ते मातीतून खात होती. तुम्ही माती धुऊन टाकली."

"तुम्हीच तर धुवा म्हणाले होते."

"धुवाच. पण तिसऱ्या दिवशी लोखंडाची सुई द्या. शिदोरी संपायच्या आधी."

सासूबाईंनी मध्येच विचारलं, "डुकरिणीच्या आंबोणात घोड्याची नाल उकळून टाकली तर?"

"नाल खाऊन डुकरीण धावेल कदाचित," डॉक्टर म्हणाला. "दुधात काही उतरत नाही."

जाताना त्याने खरी गोष्ट सांगितली. पुढचं वेतही असंच गेलं तर सरकार डुकरीण परत घेऊन दुसऱ्या गावच्या माणसाला देणार. काळी तर आधीच गेलेली. म्हणजे आमच्या हाती रिकामा कोबा. तिसऱ्या दिवशी तो स्वतः पोहोचेलच याचा भरवसा नव्हता, म्हणून त्याने मला काचेची पिचकारी आणि सुई उकळायला, औषध ओढायला आणि कानामागे मानेत टोचायला शिकवलं. टोचण्याआधी कातडी बोटाने बाजूला ओढायची, सुई काढली की सोडायची, म्हणजे औषध परत बाहेर गळत नाही. सुईची डबी आणि औषधाची बाटली तो ठेवून गेला. औषध काकवीसारखं गडद.

दुसऱ्या वेताला दहा पिल्लं झाली. सासूबाईंनी लगेच दाराशी विळा ठेवला, वाईट काही आत येऊ नये म्हणून. त्यांच्या माहेरची रीत, बाळंतपण माणसाचं असो की जनावराचं, सोयर फिटेपर्यंत, म्हणजे बारा दिवस, बाळाचं रक्त निघेल असं काही करायचं नाही.

"तेराव्या दिवशी टोच," त्या म्हणाल्या. "सरकार काही पळून चाललं नाही."

"तोवर शिदोरी संपते, आत्याबाई."

"लोखंड पायजे ना? हा विळा काय लाकडाचा आहे?"

तिसऱ्या दिवशी त्या बाजाराला चिखलीला निघाल्या. मी डुकरिणीला आंबोण दाखवून बाहेर काढलं, दार लावलं आणि नवऱ्याला म्हटलं, धरा. हा माणूस अडीच मणाचं डुक्कर एकटा उताणं पाडायचा. सुई पाहिली आणि त्याने डोळे मिटले.

"झालं का?"

"अजून पहिलंच आहे."

"मले घाम येऊन राह्यला."

"टोचते त्याला, तुम्हाला नाही."

सहा पिल्लं झाली. सातवं धरलं आणि ते असं केकाटलं की बाहेर डुकरीण दाराला धडका द्यायला लागली. त्या गोंधळात सासूबाई पिशवी घेऊन दारात उभ्या. एस.टी. चुकली होती म्हणे, तिथेच आमचा बेत चुकला.

"सोयर फिटलं नाही अन् सुया काय खुपसून राह्यली वं तू?"

लपवायला जागाच नव्हती. सहा मानांवर तपकिरी डाग. सासूबाईंनी उरलेली चार पिल्लं पदराआड ओढली. "हे चार माह्ये. यायले हात लावशील तर पाह्य." नवऱ्याने डोळे उघडले आणि परत मिटले.

दहा दिवसांत फरक दिसायला लागला. माझी सहा गुलाबी, एकमेकांच्या अंगावर उड्या मारणारी. त्यांची चार गोरीपान आणि शांत. सासूबाई शेजारणीला म्हणाल्या, "सुईनं उधळली ती सहा. माह्ये पाह्य कसे समजदार." तेरावा दिवस उजाडला तरी त्यांनी "दिवस चांगला नाही" म्हणून टाळलं. मला वाटतं, हरल्याचं कबूल करायचं नव्हतं.

सोळाव्या दिवशी त्यांच्या चारातलं सगळ्यात मोठं दूध पिऊन उठलं आणि आडवं झालं. तसाच भाता. सासूबाई त्याच्याजवळ बसून होत्या. गेलं तेव्हा उठल्या, चुलीवर पाणी ठेवलं आणि सुईची डबी माझ्यासमोर आपटली.

"उरलेल्या तिघायले दे. अन् तोंड उघडू नको."

मी तोंड उघडलं नाही, सुई दिली. डॉक्टर म्हणाला, उशिराची सुई वाचवते, पण मागे पडलेलं भरून येत नाही लवकर. तसंच झालं. तिघं जगली, पण दूध तुटलं तेव्हा माझ्या सहांच्या निम्मी दिसत होती. दहातली नऊ राहिली, डुकरीणही राहिली. सासूबाई गावाला सांगत होत्या, विळ्यानं वाचवलं.

पुढच्या वेताला तिसऱ्या दिवशी मला जाग आली तर कोब्यावर गलका चाललेला. दाराशी विळा होता. आत सासूबाईंनी पिल्लू बगलेत दाबून धरलं होतं आणि लेकाला ओरडत होत्या, "डोळे उघड बे! अन् तू वं, पाणी उकळलं का? काऊन झोपून राह्यली? आज तिसरा दिवस आहे!"