सदतीसचा लॉट

१९५४ साली ठाण्याच्या एका स्टोव्ह कारखान्यात हरिहर कर्णिक तक्रारींचं काम बघत. माणूस शिस्तीचा, आणि त्या शिस्तीची घमेंडही भरपूर. ग्यारंटीतला स्टोव्ह परत आला की दौलत मिस्त्री तो दुरुस्त करी आणि हरिहरराव कार्डावर नोंद करीत; तसंच एक कार्ड लिहून गिऱ्हाइकालाही देत. टाकी बदलायची तर साहेबांची सही लागे. पंपाचा वॉशर बदलायला कुणाचीच लागत नसे. तेव्हा हवा टिकत नसेल तर वॉशर बदलायचा, असा दंडक हरिहररावांनीच घालून दिला होता. कार्डं लावली जात दुकानदारांच्या नावाने.

मार्चअखेरीस नव्या साहेबांनी गोषवारा मागितला, तोही लॉटवार. लॉटचा नंबर टाकीच्या बुडावर ठोकलेला असे, तिथून तो कार्डावर येई. नसती कटकट म्हणत हरिहररावांनी कार्डं टेबलावर वाटली. प्रत्येक लॉट दोनशे स्टोव्हचा. वर्षभर वापरातले लॉटसुद्धा दोन-तीन तक्रारींवर आटोपले होते. सदतीसचा लॉट बाजारात जाऊन जेमतेम तीन महिने झालेले, आणि त्याची कार्डं अकरा. ती सात दुकानांत विखुरलेली, म्हणून कधी डोळ्यांत आली नव्हती. अकराही कार्डांवर वॉशर, अन् अक्षर त्यांचंच. चार स्टोव्ह तर पुन्हा पुन्हा आलेले. ती कार्डं घेऊन हरिहरराव दौलतकडे गेले.

गोदामात सदतीसचे काही स्टोव्ह अजून पडून होते. दौलतने एकात हवा भरली आणि टाकी पाण्याच्या बादलीत बुडवली. पंपापाशी काही नाही. बुडाच्या जोडातून मात्र बुडबुडे. गरम टाकीवर तिथूनच रॉकेल पाझरणार, हे सांगायला नको होतं.

"मी एकदा बोललेलो, जोड कच्चा वाटतो म्हणून," दौलत खाली बघत म्हणाला. "तुम्हीच म्हणालात, वॉशर लिहू."

साहेबांनी तिथल्या तिथे विक्री थांबवली आणि दुकानदारांना तारा केल्या. कल्याणच्या एका कार्डावर तीनदा दुरुस्ती होती. त्या घरी हरिहरराव स्वतः गेले.

कार्डावरच्या रखमाबाई खानावळ चालवत. दार त्यांनीच उघडलं. उजवा हात कोपरापर्यंत फडक्यात गुंडाळलेला, भुवया जळालेल्या. परवा भडका उडाला होता, त्या म्हणाल्या. हरिहररावांनी आपण कारखान्यातून आल्याचं सांगितलं. त्यांना पाणी देऊन बाईंनी डाव्या हाताने फळीवरून कार्ड काढलं.

"रॉकेलचा वास यायचा. शेजारीण म्हणे, फेकून दे," त्या म्हणाल्या. "मी म्हटलं, कारखान्याच्या माणसाने लिहून दिलंय, नुसता वॉशर होता. म्हणून पेटवला. हे अक्षर कुणाचं हो?"

हरिहररावांनी सांगितलं.